वीस पानांची उडदाची आमटी

थांबा, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर रात्री झोप यायची नाही. कालचीच गोष्ट आहे, आणि अजून माझ्या बोटांना लसणाचा वास येतोय.

संस्थान विलीन झालं, जव्हारची कचेरी मुंबई सरकारची झाली आणि तिथे कारकून म्हणून मी आलो. खोलीत आम्ही चौघं. मी, दवाखान्यातला कंपाउंडर, जंगल खात्यातला एक जण (तो काल फिरतीवर होता) आणि शाळेतले मास्तर. मास्तर इथलेच, जामसरकडच्या पाड्यावरचे. चौघांचा स्वयंपाक पाळीपाळीने. मास्तरांची पाळी असली की उडदाची आमटी. भाजून भरडलेले उडीद, लसूण, सुक्या मिरच्या, हळद. त्यांच्या आईची पद्धत. त्या दिवशी कोणी बाहेर जेवत नाही.

आमच्या खोलीत एक कायदा आहे: मीठ सुरुवातीलाच, आणि एकदाच. पूर्वी दोघादोघांनी मीठ टाकून दोनदा आमटी परसात ओतावी लागली, तेव्हापासून. मीठ टाकलं की चमचा झाकणावर पालथा ठेवायचा. पालथा चमचा दिसला की कोणी डब्याला हात लावायचा नाही.

तर, मास्तरांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. बस्ता घ्यायला दोन्हीकडची मिळून वीस माणसं काल जव्हारच्या बाजारात येणार होती. पाड्यावरची माणसं बाजाराला येतात तेव्हा शाळेजवळच्या आंब्याखाली बसतात, फडक्यातली नागलीची भाकर खातात आणि परत जातात. मास्तरांचे वडीलही तेच करतात. मुलाची खोली हाकेच्या अंतरावर, पण पायरी कधी चढले नाहीत. मागे पाड्यावर कोणापाशी म्हणाले होते, "त्याच्या खोलीत आपण मावत नाय." ते मास्तरांच्या कानावर आलं. चार दिवसांनी मास्तर एकदम म्हणाले, बस्त्याच्या दिवशी सगळे इथेच जेवतील, आणि मी माझ्या हाताने रांधणार.

कंपाउंडरनं विचारलं, चौघांपुरतं करता, वीस जणांचं जमेल का? मास्तर हसले. चौथीच्या पोरांना त्रैराशिक शिकवतो, म्हणाले, चाराला एवढं तर विसाला पाचपट. आम्हाला काय, पटलं! एक फुलपात्र डाळीला सहा फुलपात्रं पाणी, म्हणजे पाचाला तीस. सहा मिरच्यांच्या तीस. मिठाचे पाच चमचे. घरमालकाकडून मोठं तपेलं आणलं, परसात तीन दगड मांडले, मास्तरांनी मीठ टाकलं आणि चमचा पालथा ठेवला.

आता बघा काय झालं. आमचं रोजचं पातेलं लहान, पसरट. उघड्यावर रटरटतं आणि बघता बघता पाणी आटून आमटी अंगासरशी होते. या तपेल्यातलं पाणी उकळी यायलाच तयार नाही. आली एकदाची, तर आटेना. तासाभरानं पळी बुडवली तर वर नुसतं पिवळं पाणी आणि डाळ तळाला. तिघांनी चाखलं. अळणी! मास्तरांचा चेहरा पडला. कंपाउंडर म्हणाला, कायदा राहू दे, नवरदेवाकडची माणसं अळणी आमटी खाऊन जातील? त्यानं चमचा सुलटा केला आणि आणखी दोन चमचे मीठ घातलं. मग मी लाकडं सारली, जाळ मोठा केला, मास्तर तळाला लागू नये म्हणून ढवळत बसले. पाणी आटलं. अगदी हवी तशी दाट झाली. वासानं मलाच भूक लागली.

चाखली. आईशपथ, डोळ्यांत पाणी!

खारट तर होतीच. मघाशी पाणचट होती म्हणून अळणी लागली होती. पाणी वाफ होऊन गेलं, मीठ कुठे जाणार? पाच चमचेच बरोबर होते, वरचे दोन अंगावर आले. आणि तिखट! रोज अर्ध्या तासात मिरची नुसती फुगते. काल दोन-अडीच तास शिजून तीसच्या तीस फुटल्या आणि बिया आमटीभर झाल्या.

मास्तर दगडावर बसले. हळूच म्हणाले, जाऊ दे, आंब्याखालीच बसू दे त्यांना. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू.

तेवढ्यात कंपाउंडर म्हणाला, "मास्तर, औषध कडक झालं तर आम्ही बाटली फोडत नाही. पातळ करतो."

"पाणी घालून पुन्हा तेच पिवळं पाणी होईल," मास्तर म्हणाले.

"पाणी कोण म्हणतंय? बिनमिठाची, बिनमिरचीची डाळ शिजवा. अशीच दाट. आणि ओता."

शेजारून भरडलेले उडीद मागून आणले, दोन फुलपात्रं. दोन पातेल्यांत निम्मं निम्मं चढवलं, मिठाशिवाय. या खेपेला मास्तर पाणी मोजेनात, लागेल तसं थोडं थोडं आधणाचं घालत गेले. भाताच्या वेळी मी विचारलं, पाचपट पाणी? तर म्हणाले, त्याचं नावच काढू नकोस. तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल एवढंच ठेवलं आणि भात मुद्दाम अळणी केला. ढवळता ढवळता स्वतःशीच बडबडत होते: पाणी पाचपट घातलं, पण तपेल्याचं तोंड कुठे पाचपट आहे? वाफ तोंडातून जाते, पोटातून नाही. वर्गात हे कोणी विचारलं तर मी काय सांगणार होतो?

माणसं आली तेव्हा डाळ ओतायचीच होती. सगळी आंब्याखाली थांबली. वडील एकटेच मागच्या परसात आले, धोतर वर खोचलेलं, हातात बस्त्याचं गाठोडं. आम्ही तिघं काजळीनं माखलेले, समोर तपेलं, शेजारी दोन पातेली.

"ह्या कोनी रांधला?"

"मीच, बाबा."

"एवढा?"

मास्तरांनी पातेली तपेल्यात रिकामी केली, ढवळलं आणि त्यांच्या तळहातावर थोडी आमटी घातली. मी श्वास धरला होता, खरंच. त्यांनी चाटली.

"मीठ बरा झाला. मिरची बोलते जराशी. भात जास्ती घाल."

मग आंब्याकडे वळून हाक दिली, "या रं, आत या. पोरानं रांधलाय."

खोलीत दहा, ओटीवर दहा, गुडघ्याला गुडघा लावून बसले. मावले की! नवरदेवाच्या मामानं तिखटानं नाक पुसत तीनदा भात मागितला आणि म्हणाला, या घरची पोरगी पण अशीच जहाल असेल तर आमचं कठीण आहे. बहीण तोंडात पदर धरून हसत होती. आमटी अठ्ठावीस-तीस जणांना पुरेल एवढी झालेली, म्हणून बाजारातून परतणारी ओळखीची माणसंही बसवली.

निघताना वडिलांनी लोटा पुढे केला. आई पायानं अधू, येऊ शकली नव्हती. तिच्यासाठी आमटी हवी होती. मास्तर द्यायला तयार होईनात. तिच्यासारखी झाली नाही, म्हणाले, पुढच्या वेळी चांगली करून देतो.

"तिच्यासारखी नको," वडील म्हणाले. "तू काय खातोस ता तिला कळूंदे."

मास्तरांनी लोटा काठोकाठ भरला आणि वर पान बांधलं. ती माणसं वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पळी हातात तशीच.

आता तुम्ही सांगा, घरचं चौघांचं माप धरून तुम्ही कधी वीस पानांचा स्वयंपाक केलाय का? आणि तुमचं काय बिघडलं, मीठ, मिरची की पाणी?