पाण्यापर्यंत

इल्ता कार्वोनेनची आणि माझी ओळख शोधपथकातली. आमच्या भागात कुणी म्हातारं माणूस जंगलात वाट चुकलं की पोलीस आम्हा स्वयंसेवकांना बोलावतात. मी तीस वर्षं फिरत्या वाचनालयाची बस चालवली, आता निवृत्त झाले आहे, आणि पथकातली सगळ्यात जुनी खोडं मोजली तर माझं नाव पहिलं येईल. इल्ता चोवीस वर्षांची. पाणी आणि पर्यावरण शिकून मे महिन्यात पदवी घेतली आणि नोव्हेंबर आला तरी घरीच. एकेचाळीस अर्ज केले होते. एकेचाळीस वेळा तेच उत्तर: या वेळी आपली निवड झाली नाही.

"त्यांना एकच वाक्य येतं का गं?" मी विचारलं.

"मलाही एकच पत्र लिहिता येतं," ती म्हणाली. हसली नाही. ऑगस्टनंतर ती हसायचीच बंद झाली होती, आणि रडतही नव्हती. कॉफी दिली तर प्यायची, नाही दिली तर मागायची नाही.

त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, कारण गावच्या पाणीपुरवठ्यात जागा निघाली होती. गळती शोधायची आणि जमिनीखालच्या नळांचे नकाशे ठेवायचे. तिच्यासाठीच काढल्यासारखी जागा. ती नाही मिळाली तर जानेवारीत ती दक्षिणेला मावशीकडे जाणार होती, कुठल्याशा गोदामात खोकी उचलायला. संदर्भ म्हणून तिला माझं नाव आणि फोन द्यायचा होता.

"अर्जाचं पत्र दाखव आधी," मी म्हटलं.

एका पानाचं पत्र. उत्साही, तत्पर, शिकण्याची आवड, सगळ्यांशी जुळवून घेणारी. वाचून माझं डोकं फिरलं.

"ही कोण बाई? मी नाही ओळखत हिला. असली पत्रं त्यांच्याकडे शंभर येतील."

"अनुभव नाही मला, रायली. कशाने भरू पान?"

आमच्याकडे वयाचा मान नावाला चिकटवत नाहीत, सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. म्हणून मान नसतो असं मात्र नाही. ही पोर माझ्या शब्दाबाहेर जायची नाही, आणि त्याचा मला जरा तोराच होता.

"कॉलेजात काय केलंस ते सांग. पत्रातलं नको, झालेलं सांग."

मग सपाट आवाजात तिनं सांगितलं. एकशेचाळीस घरांनी मिळून चालवलेली पाणी संस्था. विहिरीतून उपसलेल्या पाण्यापैकी जवळजवळ तिसरा हिस्सा कुणाच्याच मीटरवर दिसत नव्हता. गटात चौघं होते. घरोघर जाऊन मीटर वाचले ते हिनं. मग पहाटे, गाव झोपलेलं असताना, संस्थेच्या माणसाला बरोबर घेऊन नळांवरची एकेक झडप बंद करत गेली आणि कुठली बंद केल्यावर प्रवाह एकदम पडतो ते पाहिलं. ओढ्याखालचा नळ फुटला होता. पत्रात या सगळ्याचं एक वाक्य होतं: 'आमच्या गटाने गळतीचा अभ्यास केला.'

"अगं, मग लिही ना हे! आकड्यांसकट!"

"बढाई वाटते."

"झालेलं सांगणं म्हणजे बढाई नव्हे." आमच्या लोकांचा हा जुनाच रोग. वाघ मारला तरी सांगतील, पायात आला म्हणून.

तिनं लिहिलं. पहिला परिच्छेद आता तिच्यासारखा दिसू लागला. मग स्वयंसेवेची ओळ आली: 'शोधपथक, चार वर्षे.' बस.

"आणि हे? गाडीत बसून नकाशा तूच सांभाळतेस. कुठला तुकडा शोधून झाला, कुठला राहिला, सगळं तुझ्या हातात. लिही."

"गुप्ततेचं वचन आहे."

"नाव-गाव लिहू नकोस. काम लिही. ऑगस्टमध्ये तू काय केलंस ते..."

मी तिथेच थांबले. तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते लिहिलं तर तुझ्याबद्दल लिहावं लागेल."

इतके महिने आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नव्हतो.

ऑगस्टमध्ये एक म्हातारा हरवला होता. तळ्याकाठचा तुकडा माझ्या टोळीकडे होता. परत येऊन मी सांगितलं, तुकडा झाला. इल्तानं विचारलं, "पाण्यापर्यंत?" मी म्हटलं, "झाला म्हटलं ना!" आम्ही चरापर्यंतच गेलो होतो. पुढे दाट झुडपं आणि चिखल, माझे गुडघे दुखत होते, आणि मला वाटलं, इथे कोण जाईल. तासाभरानं तिनं माझ्या फोननं नोंदवलेली चालीची वाट नकाशावर उतरवून पाहिली. रेघ पाण्याच्या पन्नास पावलं अलीकडून मागे वळली होती. तिनं पोलिसांना सांगून दुसरी टोळी पाठवली. म्हातारा त्या झुडपांतच होता. डॉक्टर म्हणाले, शोधाच्या आदल्या दिवशीच वारला होता. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मी घरी गेले, बटाटे उकडले, खाल्ले.

"मी तासभर थांबले," इल्ता म्हणाली. "तू म्हणालीस झाला, म्हणून थांबले. तो जिवंत असता तर?"

तिनं लॅपटॉप ओढला आणि एकच वाक्य घातलं: 'शोधपथकात नकाशा सांभाळताना मी शिकले की अनुभवी माणूस काम झालं म्हणाला, तरी पुन्हा विचारावं, आणि लगेच विचारावं.' खाली माझं नाव आणि फोन.

जाहिरातीत लिहिलं होतं, चौकशीसाठी मंगळवारी नऊ ते दहा फोन करा. तिनं माझ्यासमोर केला, दोन प्रश्न विचारले, आणि त्याच दिवशी पत्र पाठवलं. मुलाखतही झाली. कशी झाली विचारलं तर म्हणाली, "झाली."

पुढच्या आठवड्यात मला फोन आला. पाणीपुरवठ्याची प्रमुख, मेर्वी.

"तिच्या पत्रात एक वाक्य आहे, पुन्हा विचारण्याचं. मुलाखतीत उदाहरण मागितलं, तर म्हणाली, तपशील सांगता येणार नाही. मला दोघांतून एकाला घ्यायचंय. दुसऱ्याला दोन उन्हाळी सुट्ट्यांतल्या कामाचा अनुभव आहे. हे वाक्य खरं आहे की नुसतं छान दिसतं?"

मनमिळाऊ आहे, वक्तशीर आहे, असं काहीतरी सांगून मी सुटले असते. ती पोरही तेच धरून चालली होती. तिनं तोंड बंद ठेवलं होतं ते गुप्ततेसाठी कमी, माझ्यासाठी जास्त.

"खरं आहे," मी म्हटलं. "तो अनुभवी माणूस मी. मी काम अर्धं केलं आणि पूर्ण झालं म्हणून सांगितलं. तिनं पकडलं."

"मग ती तुला काय म्हणाली?"

"काही नाही. पत्रात तुझ्यासाठी माझाच नंबर दिला."

शुक्रवारी इल्ता दारात उभी राहिली. "मिळाली," ती म्हणाली, पाव मिळाला म्हणावं तशी. जोडे काढले, कोट तसाच ठेवून खुर्चीवर बसली. मी कॉफी ओतली.

"तू सांगितलंस त्यांना."

"हो."

"सगळं?"

"चरापर्यंत गेलो होतो, ते नाही सांगितलं," मी म्हटलं. "नुसतं अर्धं म्हटलं."

"मग सांग," ती म्हणाली. "मला सांग."

आणि मी पहिल्यांदाच ते मोठ्यानं बोलले. चर कुठे होता, तिथून झुडपं किती लांब दिसत होती, मी काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही. इल्ता ऐकत होती, कोटातच, आणि मी जिथे जिथे थांबले तिथे तिनं पुन्हा विचारलं.