ताठ बसवणाऱ्या जयाताई

जया ओव्हाळ यांच्यासमोर पोक काढून बसायची हिंमत अजून कोणी केलेली नाही. केली असेल, तर ती मिनिटभराच्या वर टिकलेली नाही. नगरसेवक असो, निवृत्त न्यायाधीश असो की मंडईतला गाळेवाला, जयाताई वॉर्डात शिरल्या की रुग्ण आपोआप उशीवरून वर सरकायला लागतात. छातीच्या फिजिओथेरपिस्ट म्हणून त्यांची पंचवीस वर्षं एकाच रुग्णालयात गेली. तिथल्या सिस्टर त्यांना पाठीमागे ‘बसा-मॅडम’ म्हणतात. जयाताईंना ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

या हट्टामागे त्यांचे वडील आहेत. रतन ओव्हाळ खडकीच्या कारखान्यात फिटर होते आणि छातीने कायमचे अधू. बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत त्यांना धाप लागली की शाळकरी जया भिंतीशी गोधड्यांची वळकटी लावायची आणि त्यांना टेकून बसवायची. थोड्या वेळाने श्वास खाली बसायचा, चेहऱ्यावर रंग यायचा. ‘पोरी, तू बसवलंस म्हणून वाचलो,’ असं ते म्हणायचे. ज्या मुलीने हे ऐकलं, तिने पुढे आयुष्यभर पुण्याला बसवत सुटावं, यात नवल ते काय.

शास्त्रही त्यांच्याच बाजूने होतं. पोटाचा भार छातीवरून उतरतो, छाती-पोटामधला पडदा मोकळा हलतो, फुप्फुसाच्या तळापर्यंत हवा पोचते. दम लागलेल्या माणसाला बसवणं हे कुणाही शहाण्या माणसाला सुचेल असंच काम आहे. पण मग वॉर्डात यज्ञेश्वर दातार आले.

दातार शनिवार पेठेतले. एका छापखान्यात प्रूफं तपासण्यात उभा जन्म गेला. सुपारीचंही व्यसन नसताना यकृत पार निकामी झालं होतं. घरात ते आणि मुलगी अवनी, दोघंच. अवनी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. आपल्या यकृताचा तुकडा वडिलांना द्यायला ती तयार होती आणि तिच्या सगळ्या तपासण्या जुळल्याही होत्या. अडलं होतं ते दातारांच्या श्वासापाशी. त्यांना इतकी धाप लागायची की, एवढं मोठं ऑपरेशन हा माणूस सोसेल का, असा प्रश्न प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना पडला होता. शुक्रवारी सगळे मिळून निर्णय घेणार होते. त्याआधी जयाताईंनी त्यांना खुर्चीत बसवून, चालवून, अंगात किती ताकद आहे ते सांगायचं होतं. त्यांचा नकार म्हणजे प्रत्यारोपण नाही, आणि प्रत्यारोपण नाही म्हणजे दातारांच्या हाती फार तर वर्ष.

आणि हा गृहस्थ बसायलाच तयार नव्हता.

“काका, बसा बघू.”

“बसलं की जीव जातो.”

“अहो, सगळ्यांना बसलं की बरं वाटतं.”

“मग सगळ्यांना बसवा. मी आडवा आहे तो बरा आहे.”

जयाताईंनी गोडीने सांगितलं, दरडावून सांगितलं, अवनीकरवी सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी स्वतः खांद्याखाली हात घालून त्यांना उठवायचं आणि दोन मिनिटांत दातारांनी ओठ निळसर करून पुन्हा कलंडायचं, असं रोज चालू झालं. आळशी माणूस, असं जयाताईंचं मत झालं. डोळ्यांदेखत मुलगी पोट फाडून घ्यायला निघाली आहे आणि बापाला खुर्चीत बसायचा कंटाळा. त्यांनी मनातल्या मनात नकार लिहूनही टाकला होता.

यात एक गंमत चालली होती, ती मात्र कोणाच्याच लक्षात येत नव्हती. सिस्टर सकाळी बोटाला क्लिप लावून रक्तातला ऑक्सिजन बघायच्या तेव्हा तो चौऱ्याण्णव भरायचा. जयाताई तासाभराने बघायच्या तर चौऱ्याऐंशी. सिस्टर म्हणायच्या, “मॅडम, तुमच्या क्लिपचे सेल बदला.” जयाताई म्हणायच्या, “तुम्हीच नीट लावत जा.” दोघींच्या क्लिपा चांगल्या होत्या. सिस्टर झोपलेल्या माणसाचा आकडा घेत होत्या आणि जयाताई आपल्या सवयीप्रमाणे आधी माणसाला बसवत होत्या. पंचवीस वर्षांत त्यांनी आडव्या माणसाच्या बोटाला क्लिप लावलीच नव्हती.

बुधवारी दोघांचं चांगलंच वाजलं. “तुम्हाला मुलीची काही किंमत आहे का?” असं जयाताई बोलून गेल्या. दातार पांढरेफटक झाले आणि पाठ फिरवून गादीवर पडले. क्लिप बोटालाच राहिली. जयाताई रागारागाने ती काढायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. आकडा चढत होता. शहाऐंशी, एकोणनव्वद, ब्याण्णव. दातारांच्या ओठांवरचा निळा रंगही ओसरत चालला होता.

“काका, परत एकदा बसाल?” हे त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की दातार चकित होऊन बसले. आकडा घसरला. झोपवलं, चढला. आणखी एकदा करून पाहिलं, तेच. आजवर त्यांनी हे बरोबर उलटं पाहिलं होतं. यकृताच्या आजाराने पोटात साठलेल्या पाण्यामुळे धाप लागते असं सगळे धरून चालले होते, पण तसं असतं तर आडवं पडल्यावर धाप वाढायला हवी होती. हा माणूस पहिल्या दिवसापासून अगदी खरं बोलत होता आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळ्या झालो, हे लक्षात आलं तेव्हा जयाताईंना स्वतःची लाज वाटली.

त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि विचार करू लागल्या. बसल्यावर फुप्फुसात बदलतं काय? बदलतं ते रक्त कुठे जातं, ते.

“तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, काका?”

“चौथ्या. का?”

“पाणी येतं का धड?”

“तळमजल्यावर धो धो येतं. आमच्याकडे करंगळीएवढी धार.”

“फुप्फुसाचंही तसंच आहे. माणूस ताठ बसला की रक्त वजनाने खाली ओढलं जातं. तळाला भरपूर, शेंड्याला जेमतेम.”

“आणि हवा?”

“हवाही तळालाच जास्त जाते. फुप्फुसातले वरचे बारीक फुगे आधीच ताणलेले असतात, त्यांच्यात आणखी मावत नाही. खालचे ढिले असतात, ते श्वासागणिक जास्त फुगतात. पण वर-खालचा फरक हवेत जेवढा, त्याहून रक्तात खूपच मोठा. म्हणून शेंड्याला रक्ताच्या मानाने हवा उरते आणि तळाला हवेच्या मानाने रक्त उरतं. धडधाकट माणसाला एवढ्याने काही होत नाही.”

“मी धडधाकट नाही.” दातारांनी चूक सुधारावी तसं सांगितलं.

“तेच तर. यकृत बिघडलं की काही जणांच्या फुप्फुसातल्या रक्ताच्या बारीक नळ्या रुंद होतात, आणि त्या बहुतेक तळाशीच. त्यातून रक्त जाड धारेने, घाईने निघून जातं आणि धारेच्या मधल्या भागाला ऑक्सिजन शिवतच नाही. मी तुम्हाला बसवते, म्हणजे तुमचं रक्त नेमकं त्या नळ्यांत ओतते. आडवे पडलात की ते सगळीकडे वाटलं जातं.”

दातार म्हणाले, “म्हणजे मी नाटक करत नव्हतो.”

“नाही. चूक माझी होती. मघाशी मुलीवरून बोलले, तेही चुकलं.”

जयाताई तडक डॉ. आमोद साठ्यांकडे गेल्या. साठ्ये यकृताचे डॉक्टर, वयाने त्यांच्याहून लहान, आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. ऐकता ऐकता ते उभेच राहिले. “जयाताई, छातीचा फोटो स्वच्छ आहे म्हणून मी डोकं खाजवत होतो,” ते म्हणाले. त्याच दिवशी दातारांच्या धमनीतलं रक्त आधी झोपवून आणि मग बसवून तपासलं. फरक ढळढळीत होता. दुसऱ्या दिवशी खारट पाण्यात बारीक बुडबुडे घुसळून ते हाताच्या शिरेत सोडले आणि हृदयाची सोनोग्राफी लावली. निरोगी फुप्फुसात असे बुडबुडे गाळले जातात, हृदयाच्या डाव्या बाजूला पोचत नाहीत. हृदयात भोक असेल तर लगेच दिसतात. दातारांचे बुडबुडे चार ठोके गेल्यावर डावीकडे उगवले, म्हणजे फुप्फुसातल्या रुंद नळ्यांतून फिरून आले. पडद्याकडे बघताना जयाताईंच्या अंगावर काटा आला.

शुक्रवारच्या बैठकीत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तोच प्रश्न केला. फुप्फुसं अशी असताना ऑपरेशन कसं करायचं?

“फुप्फुसं अशी आहेत म्हणूनच करायचं,” साठ्ये म्हणाले. “बिघाड यकृताने केलाय. यकृत बदललं की नळ्या हळूहळू पूर्ववत होतात. दुसरा उपाय नाही.”

“पण हा माणूस खुर्चीत बसू शकत नाही. नंतर सावरणार कसा?”

सगळे जयाताईंकडे बघायला लागले. “बसवून जेवढं करून घेते तेवढं झोपवून करून घेईन,” त्या म्हणाल्या. “जबाबदारी माझी.”

होकार मिळाला. बाहेर बाकावर अवनी बसली होती. जयाताईंनी नुसती मान हलवली तशी ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि बसा-मॅडमही रडल्या.

मग वॉर्डाने कधी न पाहिलेला प्रकार सुरू झाला. जयाताई माणसाला झोपवून व्यायाम देत होत्या. पलंगाच्या पायथ्याशी सायकलीचे पॅडल बांधून दातार आडव्याने सायकल मारायचे, हातात वाळूच्या पिशव्या घेऊन उचलायचे. सिस्टर पदर नसताना तो तोंडाला लावल्यासारखं करून हसायच्या. “हसा,” जयाताई म्हणायच्या, “पण पायांचे फेरे मोजा त्यांच्या.” दातार कुरकुरत, चुका काढत, पण एकही दिवस न चुकवता सगळं करत गेले.

ऑपरेशन दिवसभर चाललं आणि दोघं बाप-लेक सुखरूप बाहेर आले. अवनी लवकर उठली. दातारांचा ऑक्सिजन मात्र सुटेना. नळ्या एका रात्रीत आवळत नाहीत, हे जयाताईंना माहीत होतं. प्रत्येक तपासणीला त्या आता न चुकता आधी झोपवून आकडा घ्यायच्या, मग बसवून. दोन्हींतलं अंतर महिन्यामहिन्याने कमी होत गेलं, आणि घरचं ऑक्सिजनचं यंत्र एक दिवस कंपनीला परत गेलं.

थंडी सरता सरता दातार तपासणीला आले. झोपवून सत्त्याण्णव. बसवलं. जयाताई मनगटावरच्या घड्याळाकडे न बघता पाच मिनिटं नुसत्या क्लिपकडे बघत राहिल्या. सत्त्याण्णव. तिथून हलेचना. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या खोलीतून साठ्यांना हाताला धरून ओढत आणलं.

“बरोबर आहे ना आकडा?” दातारांनी विचारलं. “एकदा ताडून घ्या.”

“ताडला. दोनदा.”

अवनी इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, “मॅडम, वर्षभर बाबांना मी पलंगावर आडव्यानेच भरवत होते. काल ते टेबलाशी येऊन माझ्यासमोर बसले. वरण-भात, बटाट्याची भाजी, ताक. शेवटच्या घासापर्यंत बसूनच होते.”

“भाजीत मीठ कमी होतं,” दातार म्हणाले.