अकराव्या वर्षी कसल्या सुरकुत्या!

"आई, साधं पाणीही झोंबून राहिलं वो," लेक म्हणाली आणि तिने तोंडावरची ओढणी काढली. गाल लालबुंद, नाकाच्या कडेला सालपटं. शाळेचं गॅदरिंग तोंडावर आलेलं, नाचात तिला पहिल्या रांगेत उभं केलेलं, आणि ही म्हणते, "मी नाही जात."

खोदून विचारलं तेव्हा दप्तरातून सीरमची बाटली निघाली. गोंदियाला राहणाऱ्या माझ्या बहिणीने उरलेली देऊन टाकली होती. वर लिहिलेलं, सुरकुत्यांसाठी.

"सुरकुत्या? अगं, तुझा शेवटचा दुधाचा दात आत्ता पडला!" मी कडाडले. "झोंबत होतं तर थांबली काऊन नाही?"

"मले वाटलं, लागू पडून राहिलं."

आमच्या दवनीवाडा गावात खरचटल्यावर औषध झोंबलं की घरचे खूश होतात. पोरीने तोच हिशोब गालांना लावला. रोज झोपताना सीरम, दिवसा मैदानावर उन्हात नाचाची तालीम. वर माझी जाऊ बेसन-लिंबाची वाटी घेऊन हजर! मी ती वाटी हिसकावून घेतली आणि पोरीला घेऊन गोंदियाची बस धरली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. बाटली बघून लेकीला म्हणाल्या, "बेटा, यह मौसी के लिए है।" मग मला समजावलं. या वयात कातडी आपली आपणच भराभर नवी होत असते, तिला ढकलायला औषध लागत नाही. मोठ्यांचं कडक सीरम तिचा वरचा थर दुखावतं, मग ऊनही जास्त बाधतं. सीरम बंद, लिंबू-बेसन बंद, घासणं बंद. सकाळी साधं पाणी, संध्याकाळी सौम्य फेसवॉश, ओलसर चेहऱ्यावर बिनवासाचं साधं क्रीम. आग थांबली की उन्हात जाताना सनस्क्रीन. "पुढे मुरुमं जास्त आली तर माझ्याकडे या, रीलवाल्यांकडे नको. आणि कातडी पूर्ण भरून येईपर्यंत मेकअपही नको."

मेकअप नको म्हटल्यावर लेकीचा चेहरा पडला. बसमध्ये ती रडली. पण पोरगी जिद्दी. क्रीम लावायला एक दिवस चुकली नाही. आग थांबली, लाली ओसरली.

गॅदरिंगला शाळेच्या बाई पावडरचा डबा घेऊन आल्या तशी मी आडवी आले. लेक धुतल्या तोंडाने स्टेजवर गेली. मला धाकधूक, आता ही खाली मान घालणार. कसलं काय! गाणं सुरू झालं आणि ती दात काढून हसत नाचली. आजूबाजूला लिपस्टिक, लाली, काजळ फासलेल्या छोट्या-छोट्या बायका नाचत होत्या. अकरा वर्षांची त्यात एक माझीच पोर दिसत होती.