सेलसाठी कापलेली शिलाई

चंदीगडला आम्ही आलो ते नवऱ्याच्या बदलीमुळे. सेक्टर २२ मध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहात होतो. वर्षभरात माझी एकच जिवाभावाची मैत्रीण झाली. तीही मराठी, नागपूरकडची, नवरा सरकारी कंपनीत, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. भाजी घेताना मी नवऱ्याशी फोनवर मराठीत भांडत होते, ते ऐकून ती मागून म्हणाली, "अगं, जरा हळू. इथे समजणारे आहेत."

तिनेच धंद्याची कल्पना काढली. लहान बाळांना गुंडाळायच्या चेनवाल्या दुलया, इथल्या थंडीसाठी. कापड लुधियानाहून यायचं, शिवायला पिंजौरची एक बाई होती. पन्नाशीची, पंजाबी, नवरा नसलेली. तिला आम्ही आंटीजी म्हणायचो. शेजारच्या दोघींना हाताशी घेऊन ती शिवायची आणि बसने गठ्ठा आणून द्यायची. विकायचं ऑनलाइन, एका मोठ्या साइटवर. जीएसटी नंबर आणि विक्रेत्याचं खातं मैत्रिणीच्या नावावर. पैसे निम्मे-निम्मे घातलेले, नफाही निम्मा. फोटो, पॅकिंग आणि हिशेबाची शीट माझ्याकडे, कारण लग्नाआधी मी एका ऑफिसात तेच काम केलं होतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या मोठ्या सेलचं आमंत्रण आलं. साइटचा एक मुलगा फोन करून गोड बोलला. सूट किती द्यायची हे आधीच ठरलेलं होतं. आमची दुलई सातशे नव्व्याण्णवला जायची, ती पाचशे एकोणपन्नासला द्यायची. ही सूट पूर्ण आमच्या खिशातून, साइट त्यात एक पैसा घालणार नव्हती. शिवाय वरच्या रांगेत दिसायचं असेल तर पाचशे नग राखून ठेवल्याचं कबूल करायचं. ठरलेल्या तारखेपर्यंत माघार घेता येत होती. त्यानंतर किंमत वाढवता येणार नव्हती, माल कमी करता येणार नव्हता, आणि आलेल्या ऑर्डरी रद्द केल्या तर खात्याचं रेटिंग घसरणार होतं.

दोन दिवसांपूर्वीच आंटीजींचा फोन आला होता. सून सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगा झाला होता, जेमतेम तळहातावर मावेल एवढा. त्याला सेक्टर ३२ च्या सरकारी हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. "दुआ करो बेटा," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या. घरात तयार दुलया दोनशेच्या आसपास होत्या. बाकीच्या तीनशे कोण शिवणार? म्हणून मी गृहीत धरलं होतं की आपण नाही म्हणणार.

मैत्रिणीच्या हॉलमध्ये आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. मी शीट मांडली. किंमत उतरली की साइटचं कमिशन थोडं उतरतं, कारण ते टक्क्यांत असतं. पण ठरलेली फी तेवढीच राहते, कुरिअरचा खर्च वजनावर असतो म्हणून तोही तेवढाच, आणि या सगळ्यावर वरून जीएसटी. कापड, भरण, शिलाई, पॅकिंग वजा केल्यावर नगामागे वीस रुपये उरत होते.

"आणि परत आलेल्यांचं काय?" मी म्हटलं. "दहात एक तर येतोच. त्याचं जायचं भाडंही आपलं, यायचंही आपलं. त्यात हे वीस गेले. म्हणजे पाचशे नग विकून हातात शून्य."

"शून्य चालणार नाही," ती म्हणाली. चष्मा वर सरकवून ती शीटच्या ओळींवरून बोट फिरवू लागली. "कमिशन कमी होईल का? नाही. कुरिअर? नाही. कापड तर घेऊन ठेवलंय. मग काय उरतं?"

बोट थांबलं ते शिलाईवर. नव्वद रुपये.

"इथे साठ टाक."

मला वाटलं ती नुसतं करून बघतेय. मी साठ टाकले. खालचा आकडा पन्नास झाला. ती हसली.

"अगं, तिचा नातू तिकडे पेटीत आहे," मी म्हटलं. "तिला आत्ता पैशांची गरज असेल, आणि आपण कमी करायचे?"

"गरज आहे म्हणूनच ती आत्ता नाही म्हणणार नाही." हे ती इतक्या साध्या आवाजात बोलली की मला आधी अर्थच लागला नाही. "एरवी म्हणाली असती. दुसरीकडे गेली असती. आत्ता कुठे जाईल?"

तिने फोन लावला, स्पीकरवर. बाळाची चौकशी केली, देवाचं नाव घेतलं, मग सांगितलं की सेलमध्ये किंमत पडलीय, साठच्या वर परवडत नाही, पण काम तीनशे नगांचं आहे, नगद. पलीकडे हॉस्पिटलातल्या स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता. आंटीजी म्हणाल्या, "ठीक है मैडम जी. कपड़ा भेज दो."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "वरचे तीस मी माझ्या हिश्श्यातून देईन."

"दे की," ती म्हणाली. "तुझा हिस्सा, तुझी हौस." आणि तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून 'सहभागी व्हा' वर बोट दाबलं.

मी आंटीजींना तेव्हाच फोन करून सांगणार होते. पण पैसे अजून आलेले नव्हते, आणि हातात काही नसताना शब्द द्यायला मला लाज वाटली. सेल झाल्यावर एकदम नेऊन देऊ, असं मनाशी ठरवलं.

पुढचे तीन आठवडे आंटीजी सकाळच्या बसने पिंजौरहून यायच्या, गठ्ठा माझ्या जिन्यापाशी टाकायच्या आणि तशाच ३२ ला जायच्या. दुपारी परत मशीनवर. पहिल्या खेपेला त्या चहाला थांबल्या. नर्सने सांगितलं होतं की बाळाला पेटीतून काढून आईने छातीशी धरून बसायचं, तासन् तास. आई थकली की आजीनेही धरलं तरी चालतं. अंगाच्या उबेने वजन वाढतं म्हणे. "मैं कहाँ बैठूँ बेटा," त्या म्हणाल्या, "मुझे तो मशीन पर बैठना है." सुनेची आई अंबाल्याहून आली होती, तीच धरून बसायची. तीच नातवाला आधी भेटली, त्याने डोळे उघडले तेही तिच्याच अंगावर. हे सांगताना आंटीजी माझ्याकडे नाही, कपातल्या चहाकडे बघत होत्या.

दुसऱ्या खेपेला त्या चहाला थांबल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला माझ्याशी बोलल्याही नाहीत. गठ्ठा ठेवला, ओढणीने तोंड पुसलं आणि गेल्या. मला वाटलं, थकल्यात.

सेलच्या दिवशी सकाळपासून ऑर्डरी येत राहिल्या. जेवायच्या वेळेपर्यंत पाचशेच्या पाचशे संपल्या. मैत्रिणीने बाजारातून जिलेबी आणली, मला भरवली, नवऱ्याला फोन करून सांगितलं. साइटच्या त्या मुलाचा अभिनंदनाचा मेसेज आला. दोन दिवस आम्ही लेबलं चिकटवत होतो, कुरिअरवाला पोती भरून नेत होता. मग परतीची पाकिटं यायला लागली. कुणाला रंग फोटोसारखा वाटला नाही, कुणी घरी वापरून, दुधाचे डाग पाडून परत पाठवलं. काहींची चेन सैल होती. चेन सैल असलेले नग मैत्रिणीने बाजूला काढले. त्यांची शिलाई आंटीजींना द्यायची नाही, असं तिने ठरवलं, आणि मला सांगितलं ते पैसे देऊन झाल्यावर.

माझा हिस्सा हातात आल्यावर मी नगामागचे तीस आणि ते कापलेले पैसे एका पाकिटात घातले आणि पिंजौरला गेले. आंटीजींचं घर बाजाराच्या मागे, एका खोलीचं. मशीन दारातच होतं. बाळ घरी आलं होतं. सून कोपऱ्यात त्याला घेऊन बसली होती. जगला होता तो. मला इतका आनंद झाला की मी तिथेच खाली बसून त्याचे पाय बघायला लागले. आंटीजी उभ्याच राहिल्या.

मी पाकीट पुढे केलं. "आंटीजी, आपकी सिलाई के बाकी पैसे."

"अब क्यों?" त्या म्हणाल्या.

"मुझे शुरू से ठीक नहीं लगा था. मैंने कहा था कि..."

"आपने ही तो कटवाए थे." आवाज वर गेला नाही. "मैडम जी ने बताया मुझे. बोलीं, मैं तो नब्बे ही दे रही थी, पर हिसाब वो करती है, कंप्यूटर पर उसी ने काटा. मैडम जी तो अस्पताल आकर दूध के लिए हज़ार रुपये दे गईं, अपने पर्स से."

मी म्हटलं, हे खोटं आहे. स्पीकरवरच्या फोनची आठवण करून दिली. तुम्हाला साठ कुणी सांगितले, माझा आवाज होता का त्यात, असं विचारलं.

"आप वहीं बैठी थीं?"

"हाँ."

"तो बोलीं क्यों नहीं?"

सून खाली मान घालून बाळाच्या टोपीची दोरी बांधत होती. मी फोन बंद झाल्यावर काय बोलले ते सांगायला लागले, पण त्याला साक्षीदार एकटी मैत्रीणच होती, आणि आंटीजी माझं का मानणार होत्या. आंटीजींनी पाकीट माझ्या हातातून घेतलं. उघडलं नाही. "पैसा मेरा है, इसलिए रख रही हूँ," त्या म्हणाल्या. "काम अब आपका नहीं करूँगी." आणि सुनेला म्हणाल्या, दार लोटून घे, बाळाला वारा लागतोय.

परतीच्या बसमधून उतरून मी सरळ मैत्रिणीच्या घरी गेले. ती मटार सोलत होती.

"हो, सांगितलं तसं," ती म्हणाली. "कुणाला तरी वाईट व्हायलाच लागतं ना. खातं माझ्या नावावर आहे, माल मला शिवून घ्यायचाय. ती माझ्यावर रुसून कसं चालेल? तुझं काय, तुझ्या नवऱ्याची बदली झाली की तू जाशील."

"आणि ते हजार रुपये?"

"ते मी शीटमध्ये पॅकिंगच्या खर्चात टाकलेत. निम्मे तुझेच आहेत की." तिने मटाराच्या शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "बस, सोल. जेवूनच जा."

मी बसले नाही. भांडले, जितकं येत होतं तितकं सगळं बोलले. ती ऐकत राहिली आणि दाणे वाटीत पडत राहिले. शेवटी म्हणाली, "झालं? आता घरी जाऊन जरा झोप. दमलीयस तू." त्या आठवड्यात मी भागीदारी सोडली. घातलेल्या पैशांपैकी तिने दिले तेवढे घेतले.

बदली तिच्याच नवऱ्याची झाली, आधी. निरोपाला मी गेले नाही. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला, बरेली की कुठून तरी. जणू काही झालंच नव्हतं. सेलचं आमंत्रण परत आलंय, या वेळी हजार नग कबूल केलेत, तिकडे चांगली शिवणारी मिळत नाही.

"आंटीजी माझा फोनच उचलत नाही गं," ती म्हणाली. "हजार दिले होते मी तिला, विसरली बघ. तू तुझ्या फोनवरून लावून बघतेस का?"

"माझाही उचलत नाही," मी म्हटलं.

"अरेच्चा," ती म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुझा का नाही उचलत?"