सात ते आठ लाखांच्या दरम्यान

फर्निचरच्या दुकानात अकरा वर्षं दुसऱ्यांच्या नावाने नकाशे काढून झाल्यावर, अडतिसाव्या वर्षी तिने घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि इंटिरियरची स्वतंत्र कामं घ्यायला सुरुवात केली. सुतार तिला ताई म्हणायचा. पहिल्या वर्षी ताईनेही सगळ्यांसारख्याच पोस्ट टाकल्या होत्या. चकाचक फोटो, खाली ‘स्वप्नातलं स्वयंपाकघर’. ते पाहून तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही तेच स्वयंपाकघर निम्म्या पैशांत आणि पंधरा दिवसांत हवं होतं. तिघांशीही वाजलं. तेव्हापासून तिने ठरवलं, की आधीचा आणि नंतरचा फोटो टाकायचा तर खाली खरा खर्च आणि खरे आठवडे लिहायचेच.

यंदाचं काम तिला मनापासून आवडलं होतं. एक सून आणि तिची सासू, दोघींचं स्वयंपाकघर. सासूबाई वॉकर घेऊन चालायच्या, पण भाजी निवडायचा आणि चिरायचा हट्ट काही सोडायच्या नाहीत. म्हणून ताईने ओट्याचा एक भाग खाली घेतला आणि त्याच्याखाली कपाट न करता पाय जायला जागा ठेवली. शिवाय दार रुंद केलं आणि कोपऱ्यात निळ्या फरशा लावल्या. म्हातारीने खुर्चीवर बसून पहिली काकडी चिरली, तेव्हा ताईला आत कुठेतरी भरून आलं होतं.

काम सरळ मात्र झालं नव्हतं. सहा लाख ऐंशी हजारांचा अंदाज सात लाख पंचाण्णव हजारांवर गेला आणि पाच आठवड्यांचे नऊ झाले. जुन्या फरशा काढल्यावर सिंकमागची भिंत ओली निघाली. नळाची लाइन बदलावी लागली, नवं प्लास्टर वाळायची वाट पाहण्यात दिवस गेले. त्यातच शेगडीचं माप ताईनेच चुकीचं दिल्यामुळे ओट्याचा एक दगड वाया गेला. तो तिने स्वतःच्या पदरचे पैसे घालून नवा आणला.

हे सगळं तिने जसंच्या तसं लिहून काढलं. रकमेत तिची फी आणि कर धरलेत, फ्रिज आणि शेगडी धरलेली नाही, हेसुद्धा.

तिचं पेज तिची नणंद बघायची. तिने वाचलं आणि फोन खाली ठेवला. “वहिनी, ही पोस्ट आहे की पंचनामा?”

सुतारही तिथेच मापं घ्यायला बसला होता. तो म्हणाला, “ताई, दगडाचं कशाला लिहिता? आपली चूक आपणच चव्हाट्यावर मांडायची?”

“लोकांना वाटतं, पैसे वाढले म्हणजे डिझायनरने खाल्ले,” ताई म्हणाली. “कशात वाढले आणि कोणाच्या खिशातून गेले, ते कळू दे ना.”

टाकण्याआधी तिने मजकूर आणि फोटो सूनबाईंना पाठवले. फोटोला त्यांची आधीच संमती होती. पण दोन तासांनी फोन आला.

“फोटो छान आहेत हो. पण रक्कम नको. आणि सासूबाईंचं, वॉकरचं काही नको.”

“नाव, पत्ता काहीच नाहीये त्यात.”

“नाव नसलं तरी आमच्या जाऊबाई ओळखतील. सासूबाईंच्या पैशांनी आम्ही घर सजवतोय, असं त्या आधीच सगळीकडे सांगतात. नक्की आकडा मिळाला की पुढचं वर्षभर तेच ऐकावं लागेल.”

घर त्यांचं, आकडाही त्यांचा. त्यावर वाद घालायचा ताईला हक्क नव्हता, हे तिला कळत होतं आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. खालचा ओटा कशासाठी, हे सांगायचं नाही. म्हणजे देवळाचा फोटो टाकायचा आणि देव झाकायचा.

शेवटी दोघींनी मधला मार्ग काढला. ‘खर्च सात ते आठ लाखांच्या दरम्यान, अंदाजापेक्षा सुमारे सतरा टक्के जास्त. पाच आठवडे सांगितले, नऊ लागले.’ ओट्याबद्दल फक्त ‘बसून काम करता येईल असा’ एवढंच. दगडाची चूक राहिली. ती ताईची स्वतःची होती.

मग फोटोंकडे पाहिलं, तर आधीच्या फोटोत फ्रिजवर औषधांची यादी चिकटवलेली आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचं नाव ठळक दिसत होतं. तो फोटो पुन्हा काढायचा कुठून? ते जुनं स्वयंपाकघरच आता उरलं नव्हतं. नणंदेने यादी पुसट केली, खिडकी कापली, फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेलं ठिकाणही काढून टाकलं. उरला तो अंधारा कोपरा आणि अर्धा नळ.

“यात आधी काय होतं तेच दिसत नाही,” नणंद म्हणाली.

“असू दे. टाक.”

पोस्ट गेली. चार दिवसांत एकतीस लाइक आले. त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाचं तरी ‘एकवीस दिवसांत कायापालट’ हजारो लोकांनी पाहिलं. ताईच्या पोस्टखाली एकाने विचारलं, ‘नऊ आठवडे? राजवाडा बांधला काय?’

पाचव्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. अगदी गोड आवाज. “मला हुबेहूब असंच करून हवंय. ते घर बघायला मिळेल का? कोणाचं आहे?”

“ते नाही सांगता येणार. तुमच्याकडे येऊन मापं घेते आणि तुमचा अंदाज काढून देते.”

“बरं, नक्की किती झाले ते तरी? सात आणि आठमध्ये लाखाचा फरक आहे.”

“तेही नाही सांगू शकत.”

“त्या निळ्या फरशा मी पाहिल्यात कुठेतरी. त्यांच्याकडे म्हातारं माणूस आहे ना?”

हे गिऱ्हाईक नव्हे, हे ताईच्या लक्षात आलं. ती शांतपणे म्हणाली, “माझ्याकडून कोणाच्या घरातलं काही बाहेर जात नाही. उद्या तुमचं काम केलं, तर तुमचंही जाणार नाही.”

“लपवण्यासारखं असतं तेच लोक लपवतात,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

ताईने लगेच सूनबाईंना फोन करून झालेलं सगळं सांगितलं. पलीकडून बारीक आवाज आला, “जाऊबाईच. पोस्ट काढून टाका. तुमचं काही चुकलं नाही, पण काढाच.”

ताईने पोस्ट काढली. नणंद भडकली. “दोन आठवडे घासलं आपण त्यावर. एवढं सांभाळून काय मिळालं?” ताईने भांड्यांचा सगळा ढीग घासून काढला, तरी डोकं शांत झालं नाही.

दोन दिवसांनी सूनबाईंना विचारून तिने नुसता मजकूर पुन्हा टाकला. फोटो नाही, फरशा नाहीत, ओटा नाही. ओल्या भिंतीने किती आठवडे खाल्ले आणि चुकीच्या मापाच्या दगडाचे पैसे कोणी भरले, एवढंच. त्याला नऊ लाइक आले, त्यातले दोन सुताराच्या घरचे.

पुढच्या कामाला ती एका तरुण जोडप्याकडे गेली. मापं घेण्याआधी तिने फ्रिजवरचे कागद काढायला लावले, खिडकीचा पडदा ओढला आणि मगच आधीचे फोटो काढले. मग एक कागद पुढे ठेवला. फोटो टाकू का? रक्कम नक्की लिहू, अंदाजे लिहू की नको? घरातल्या कोणाबद्दल काय सांगायचं नाही?

“अजून एक फरशीही निघाली नाही,” नवरा हसून म्हणाला, “आणि तुम्ही पोस्टचं विचारताय?”

“आत्ताच विचारायचं असतं,” ताई जरा तुटकच म्हणाली आणि पेन त्याच्या हातात दिलं.