सात नंबरचं कार्ड

कामशेतच्या पुढं, भातखाचरांच्या मधोमध, आमच्या कंपनीनं एक दार बसवलं होतं. सत्तरचं दशक संपत आलेलं. आसपासच्या गावांत दाराला अडसर असला तरी ते घर सुखवस्तू समजलं जाई, आणि आमच्या दाराला कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती, कडीसुद्धा नव्हती. भिंतीवर एक डबा, त्याला एक फट. त्या फटीत पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं जाड कार्ड सरकवलं की आत खटका उडायचा आणि दार उघडायचं. हे सगळं परदेशी भागीदारानं पाठवलं होतं. त्याचे यंत्रांचे आराखडे आत ठेवलेले होते, आणि आमच्यावर त्याचा किती विश्वास आहे हे त्यानं दाराच्या रूपानं कळवलं होतं.

मी त्या कंपनीचा प्रशासन अधिकारी. म्हणजे संडासाची टाकी तुंबली की माझ्याकडे, आणि परदेशी दार आलं तेव्हा तेही माझ्याकडे. दोन्हींतलं मला सारखंच कळत होतं.

डब्याची तार माझ्या खोलीतल्या एका छपाईयंत्रापर्यंत आली होती. कोणी कार्ड सरकवलं की ते कटकट करून कागदाच्या पट्टीवर छापायचं: कार्डाचा नंबर, दाराचा नंबर, वेळ. आत जाताना कार्ड लागायचं. बाहेर येताना नुसती मूठ फिरवायची. त्यामुळं माणूस आत गेल्याची नोंद व्हायची, बाहेर आला का, हे यंत्राला ठाऊक नसायचं. त्याच्या हिशेबानं आमचे सगळे ड्राफ्ट्समन दाराच्या आतच राहत होते. पट्टी रोज बघायची असं यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. मी ती दर शनिवारी गुंडाळून रबर लावून ठेवत असे, आणि त्यालाच बघणं म्हणत असे.

त्या जुलैत मॅनेजरसाहेबांना कळलं की भागीदाराचा माणूस पाहणीला येतोय. लगेच मला पट्ट्या उलगडायची आज्ञा झाली. आणि सापडलं! एका रात्री, ऑफिस केव्हाच बंद झालेलं असताना, सात नंबरच्या कार्डानं दार उघडलं होतं. पुन्हा त्याच पहाटे, उजाडायच्या आधी, त्याच कार्डानं.

यंत्राचं घड्याळ मी कारखान्याच्या भोंग्याशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. त्या प्रकरणात मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढं एकच, म्हणून ते मुद्दाम नोंदवतो.

सात नंबर आमच्या टंकलेखिका बाईंचा. घोरावाडीहून लोकलनं यायच्या. वडील गेलेले, धाकटी दोन भावंडं शिकत होती. नोकरी अजून कच्ची, कायम होण्याचं पत्र त्याच आठवड्यात निघायचं होतं.

"ते पत्र थांबवा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "आणि मला अहवाल द्या. नाव घालून. पाहुण्याला नाव दाखवलं की तो समजतो, हे लोक जागे आहेत."

"चौकशी करू का आधी?"

"अहो, यंत्रानं केलीय ना चौकशी! तुम्ही फक्त लिहा."

मग काय, लिहिण्याची हौस मला होतीच. कॉलेजात एकांकिका लिहिली होती, तिचा प्रयोग मध्यंतरापर्यंत झालाही होता. मी दार लावून घेतलं आणि लिहिलं. त्या रात्री पाऊस कोसळत होता हे लिहिलं. 'सदर महिला कर्मचारी अंधाराचा फायदा घेऊन आराखडा विभागात शिरल्या' हे लिहिलं. 'हेतू उघड आहे' असंही लिहिलं. तो मला उघड झाला नव्हता, पण वाक्य जोरदार वाटलं. मूळ अहवाल इंग्रजीत होता, त्यामुळं तो आणखी भयंकर होता.

आता हा अहवाल टंकायचा कोणी? ऑफिसात टंकलेखिका एकच. मी छताच्या पंख्याखाली बसून त्यावर विचार केला, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी काहीच विचार केला नाही. नेहमीसारखा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, 'तातडीचं आहे बाई' म्हणालो आणि चहाला गेलो.

चहाचा दुसरा घोट घेताना मला आठवलं.

धावत परत आलो तेव्हा टंकयंत्र चालू होतं. बाई सरळ बसून, एका लयीत, स्वतःवरचा आरोप टंकत होत्या. कार्बन दोन लावले होते.

"बाई, तो कागद... राहू द्या."

"एक परिच्छेद राहिलाय, साहेब." त्यांनी मान वर केली नाही. शेवटी कागद काढला, प्रती वेगळ्या केल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. "टंकताना एक अडलं. 'शिरल्या' लिहिलंय. तुम्ही पाहिलंत?"

"मी कसा पाहणार? मी लोणावळ्याला घरी होतो."

"मग कोणी पाहिलं?"

"यंत्रानं."

"यंत्रानं मला पाहिलं?"

मी पट्टी पुढे केली. त्यांनी ती बोटानं वाचली. "इथं सात लिहिलंय. माझं नाव नाहीय. रात्री सात नंबर कुठं असतो?"

आणि इथं माझ्या घशात चहा नसतानाही ठसका लागला. कारण रात्री सात नंबर कुठं असतो, हे अख्ख्या कंपनीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या कामगारांचे पितळी बिल्ले असायचे. घरी जाताना गेटवरच्या फळ्यावर खिळ्याला अडकवायचे, सकाळी काढून घ्यायचे. पावसाळ्याच्या तोंडाशी ऑफिसातली दोन कार्डं हरवली आणि एक धोब्याकडे जाऊन आलं. तेव्हा मी परिपत्रक काढलं: बिल्ल्यांप्रमाणंच कार्डंही घरी जाताना गेटवरच्या फळ्यावर अडकवावीत. व्यवस्थेतली ही सुधारणा माझीच, सहीसकट. परदेशी भागीदारानं समुद्रापलीकडून पाठवलेली गुप्त कार्डं रोज रात्री नंबरवारीनं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी येतील अशा बेतानं टांगून ठेवली जात होती.

"त्या रात्री मी कुठं होते, हेही मला कोणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

"कुठं होतात?"

"आता मुद्दाम सांगणार नाही. मी घरी होते म्हणून सुटायचं, तर जो घरी नव्हता तो चोर का?"

मी माझी कलाकृती फाडली. कार्बनच्या प्रतीही. मग आम्ही दोघांनी आत जाऊन आराखडे मोजले आणि बसून नवा कागद केला. 'अमुक रात्री सात क्रमांकाच्या कार्डाने दार दोनदा उघडल्याची नोंद आहे. कार्ड कोणाच्या हातात होते हे नोंदीवरून कळत नाही. सर्व कार्डे रात्री गेटवर मोकळी असतात. आराखडे मोजले, सर्व जागेवर आहेत.' वाचायला इतकं नीरस झालं की माझ्यातला एकांकिकाकार हळहळला. पावसाचा तर उल्लेखही नाही!

मॅनेजरसाहेबांनी वाचलं. "यात माणूस कुठंय?"

"सापडला नाहीये, साहेब."

"मग पाहुण्याला काय, खिळा दाखवू?"

"मला दोन दिवस द्या."

"दोन दिवस द्या म्हणे! तोवर त्यांचं पत्र माझ्या खणात राहील. आणि माणूस नाही मिळाला तर सात नंबर म्हणजे त्याच, हे मी धरून चालतो."

मग गेटवर सूचना लावली. माझ्या मनात 'दोषी व्यक्तीने' अशी सुरुवात होती. बाईंनी तो शब्द गाळला. 'त्या रात्री कामाच्या वेळेनंतर आराखडा विभागात कोणी गेले असल्यास, किंवा कोणाला माहीत असल्यास, कृपया प्रशासनाला सांगावे. काहीही गहाळ झालेले नाही. दाराच्या व्यवस्थेत सुधारणा करण्यासाठी माहिती हवी आहे.' मराठीत लावली. तोवर आमच्या सगळ्या सूचना इंग्रजीत असत, आणि कामगार त्या पाळत नाहीत म्हणून आम्ही चिडत असू.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीचे पहारेकरी आबा माझ्या दारात उभे. वलवणकडचे, मिशा पांढऱ्या, खांद्यावर घोंगडी. घोंगडीचा वास त्यांच्याआधीच खुर्चीत येऊन बसला.

"मीच गेलतो की, सायेब."

"तुम्ही? आत? कशाला?"

"वाळवाया."

"काय वाळवायला?"

"कापडं. समदं भिजलं हुतं. तितं लय ऊब असती."

ऊब असायचीच. मावळच्या पावसाळ्यात कागदाला ओल धरते, आराखड्यांचा पातळ कागद फुगतो आणि मापं चुकतात, म्हणून त्या खोलीत दिवसरात्र हीटर चालू ठेवा असा भागीदाराचा हुकूम होता. आठ-आठ दिवस चड्डी वाळत नाही अशा मुलखात आम्ही एकुलती एक कोरडी, उबदार खोली कागदांसाठी राखून ठेवली होती. दिवसा तिथं माझे मोजेही असत. पण मी अधिकारी होतो, म्हणून ते अधिकृत मोजे.

"रात्री टाकली, पाटं काडली," आबा म्हणाले. "हाताला आलं ते कारड घेतलं. कागदांस्नी शिवलो न्हाई."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं? परवा ड्रायव्हर म्हनला, सायेब चोर हुडकत्यात. म्या कुटं चोरी केली? आता फळ्यावर लिवलंय, कोन गेलतं. म्हून आलो."

"आत जायची परवानगी नव्हती तुम्हाला, आबा."

"व्हय. ती न्हवती."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

शेवटचा अहवाल बाईंनीच टंकला. रात्रपाळीच्या एका कर्मचाऱ्याने ओले कपडे वाळवण्यासाठी परवानगीविना प्रवेश केला. त्याने ते आपणहून सांगितले. कार्डे मोकळी ठेवण्याची पद्धत प्रशासनाच्या परिपत्रकाने सुरू झाली होती. पहारेकऱ्यांना गेटवर शेगडी द्यावी, कार्डे कुलपात ठेवून सही घेऊन द्यावीत. 'प्रशासन' म्हणजे कोण, हे मॅनेजरसाहेबांनी विचारलं. मी खाली माझ्या सहीकडे बोट दाखवलं. ते बराच वेळ हसले. त्या आठवड्यात त्यांना मिळालेला तेवढाच आनंद. आबांना समज दिली आणि शेगडी दिली. पाहुण्यानं कुलपाचं कौतुक केलं.

आता पत्र. साहेबांनी ते खणातून काढलं, पण त्यांना त्यात भर घालायची होती. बाईंना बोलावून त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, "लिहा. 'नुकत्याच झालेल्या चौकशीत त्या निर्दोष ठरल्याने त्यांना सेवेत कायम करण्यात येत आहे.'"

बाईंची पेन्सिल थांबली.

"साहेब, माझ्यावर आरोप होता का?"

"छे छे! कोण म्हणतं?"

"मग निर्दोष कशी ठरेन? हे पत्र फायलीत राहणार. दहा वर्षांनी कोणी उघडलं तर विचारेल, कशातून सुटल्या होत्या ह्या?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं, मग काय लिहू म्हणता?"

"काम समाधानकारक आहे, एवढंच."

"आहे का हो?" साहेबांनी मला विचारलं.

"मी पाहिलंय," मी म्हणालो.

त्या जाऊन यंत्रावर बसल्या. एकच ओळ होती, तरी या वेळी दोनदा चुकल्या आणि दोन्ही वेळा नवा कागद लावला. तिसऱ्यावर साहेबांनी सही केली.