कोनाड्यातला सोटा

आत्या वारली आणि पेणजवळचं तिचं सागवानी घर तिने माझ्या नावावर केल्याचं कळलं. मी तेव्हा धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत होते, राहायला रोह्यात. रजा काढून घर बघायला गेले. दोन खांब वाळवीने आतून पोखरले होते. नखाने टोकरलं की भुगा सांडायचा.

माजघराच्या भिंतीत तीन कोनाडे होते. चौथ्याच्या जागी सपाट सिमेंट. बाकी भिंत चुन्याची. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरतं. म्हणून तेवढ्याच भागाला फुगे आले होते आणि वरची लाकडी पट्टी कुजली होती. ठोकलं तर पोकळ वाजलं. वरच्या भिंतीचा भार त्या पट्टीवर होता, म्हणून आधी खाली वाशाचा टेकू दिला. मग छिन्नीने सिमेंट फोडून वरून एकेक वीट काढली.

आत लोखंडी कड्यांचा सोटा होता आणि मेणकापडात गुंडाळलेली वही. आत्याचं अक्षर. ‘बाबांनी आमच्या मिठागरावरच्या मजुराला याच खोलीत सोट्याने मारलं. कामावरच्या बायकांना शिव्या देऊ नका, एवढंच तो म्हणाला होता. डोकं फुटेपर्यंत मारलं. खाडीत बुडाला असं गावात सांगितलं. मी दाराआड होते. सोटा जाळायला धीर झाला नाही, दाखवायलाही नाही, म्हणून कोनाड्यात चिणला.’

त्याच दिवशी माझा चुलतभाऊ घरातलं उरलेलं सागवान विकायचं बोलायला आला होता. माझ्या खांद्यावरून त्याने वाचलं.

“दे इकडे,” तो म्हणाला. “आजोबांचं नाव घालवणार आहेस?”

“त्या माणसाच्या घरच्यांना देणार आहे.”

त्याने कानाखाली मारली. मनगट पिरगाळलं, केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. ओठ फुटला. झटापटीत त्याची लाथ टेकूला बसली. वासा सरकला, कुजलेली पट्टी मोडली आणि वरच्या विटा त्याच्या खांद्यावर कोसळल्या. तो खाली पडला, हात लुळा पडला.

तेव्हा मला बाहेर पळता आलं असतं. मी सोटा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा उचललेला हात मी कसाबसा खाली घेतला आणि त्याच्यासाठी रुग्णवाहिका बोलावली.

मिठागरावरच्या जुन्या लोकांना विचारत गेले, तेव्हा मेलेल्या माणसाची मुलगी खाडीकाठच्या गावात सापडली. सत्तरीची. वही मी तिला वाचून दाखवली.

“आमाला ठाव हाय गो,” ती म्हणाली. “आईनं अंगावरचे वळ बघितले व्हते. कुनी लिवलं नव्हतं, एवढंच.”

मी तिला चुलतभावाच्या गुडघ्याचंही सांगितलं. तिने वही माझ्याकडे सरकवली.

“मग त्येबी लिवून दे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. आधी तिने तिच्या वडलांचं सांगितलं, मग मी माझा जबाब दिला.